मादाम, मस्य, माझी बॅग आली नाही

पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकणाऱ्यांना एक पत्र हमखास लिहावं लागतं. तुमचं सामान विमानतळावर हरवलं आहे, विमान कंपनीला तक्रार करा. डेल्फ परीक्षेच्या बी-१ पातळीवर लेखनात किमान १६० शब्द लागतात, बी-२ ला २५०, आणि या पत्राचा सराव दोन्हींसाठी उपयोगी पडतो. विद्यार्थी जीव ओतून लिहितात. बॅगेत आजीनं विणलेला स्वेटर होता, मी फार दुःखी आहे, तुमची सेवा निराशाजनक आहे, कृपया लवकर काहीतरी करा. मायना बरोबर, काळ बरोबर, शेवट बरोबर, त्यामुळे गुण चांगले मिळतात.

हेच पत्र खरोखरच्या कंपनीला पाठवलं तर उत्तरात मनःपूर्वक दिलगिरी येईल आणि पैसे मात्र येणार नाहीत. परीक्षक भाषा तपासतो. कंपनीच्या तक्रार विभागातला माणूस फाइल बंद करायची वाट शोधत असतो. त्याला चार गोष्टी लागतात: अहवालाचा क्रमांक, तारखा, रक्कम आणि त्या रकमेचा पुरावा. एवढं दिलंत तर स्वेटर कोणी विणला हे सांगण्याची गरज उरत नाही, आणि एवढं दिलं नाहीत तर ते सांगूनही उपयोग होत नाही.

एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण दर सप्टेंबरात कुणा ना कुणावर ओढवतं तसंच. पुण्याची एक विद्यार्थिनी एम. एस्‌सी.साठी ल्योंला निघाली आहे. तिकीट एकच, वाटेत एकदा विमान बदलायचं. २ सप्टेंबरला ती ल्योंच्या विमानतळावर उतरते. (या विमानतळाला सँतेग्झ्युपेरीचं नाव आहे. ‘छोटा राजकुमार’ लिहिणारा हा लेखक स्वतः वैमानिक होता आणि याच शहरात जन्मला होता.) सामानाचा पट्टा फिरत राहतो, सगळे निघून जातात, पट्टा थांबतो आणि बॅग येत नाही.

पत्र लिहायची वेळ अजून यायची आहे, पण त्याचा पाया इथेच घातला जातो. कस्टमच्या दारातून बाहेर पडण्याआधी सामानाच्या खिडकीवर जाऊन नोंद करायची. या नोंदीला जगभर ‘पीआयआर’ म्हणतात, फ्रेंच कर्मचारी ‘काँस्ता’ असंही म्हणतो. त्यावर दहा अक्षरांचा एक क्रमांक मिळतो, समजा LYSXX10482. पहिली तीन अक्षरं विमानतळाची, पुढची दोन कंपनीची आणि नंतर पाच आकडे. हा क्रमांक ‘वर्ल्डट्रेसर’ नावाच्या यंत्रणेत जातो. कुठल्याही विमानतळावर बेवारस सापडलेली बॅग आणि कुठेही हरवल्याची नोंद झालेली बॅग यांची तिथे जुळणी होते. बॅग पहिल्या विमानात चढलीच नाही की दुसऱ्यात, हे शोधायचं काम प्रवाशाचं नाही. जिथे उतरलात, तिथे ज्या कंपनीनं आणून सोडलं तिच्याकडे नोंद करायची.

खिडकीवर दमलेला माणूस ‘काळी, चाकांची, मध्यम’ असं वर्णन करून मोकळा होतो. त्या वर्णनात पट्ट्यावरच्या निम्म्या बॅगा बसतात. कर्मचाऱ्याच्या हातात एक तक्ता असतो. त्यात बॅगांच्या आकारांची चित्रं आणि रंगांचे संकेत असतात, आणि तुम्ही सांगाल त्यावरून तो संकेत भरतो. तक्त्यात न मावणारी खूण तुम्हीच सांगायची असते. आमच्या विद्यार्थिनीची बॅग गडद निळी, कडक कवचाची, चार चाकांची आहे. उंची अंदाजे ६७ सेंटिमीटर. वरच्या मुठीला नारिंगी नायलॉनची पट्टी बांधलेली. खालच्या डाव्या चाकापाशी तळहाताएवढा ओरखडा. बॅग कधीही न पाहिलेला माणूस गोदामातल्या रांगेतून तिला ओळखून काढू शकेल, असं हे वर्णन आहे. वर्णनाचं काम तेवढंच असतं.

आतल्या वस्तूंचं वर्णन त्याहून मोलाचं. बाहेरची कागदी पट्टी फाटून गेली असेल, तर बेवारस बॅग पुढे उघडली जाते आणि आत काय आहे ते टिपून यंत्रणेत भरलं जातं. तिथे ‘कपडे’ हा शब्द काहीच सांगत नाही, कारण कपडे प्रत्येक बॅगेत असतात. वारलीची चित्रं असलेला उशीचा अभ्रा अगदी वर ठेवला आहे, हे मात्र हजारांत एकाच बॅगेबद्दल खरं असेल. गोडा मसाल्याचा डबाही तसाच. मात्र ‘गोडा मसाला’ लिहून ल्योंच्या कर्मचाऱ्याला काही उमगणार नाही. लिहायचं ते असं: स्टेनलेस स्टीलचा गोल डबा, झाकण चिकटपट्टीनं बंद, आत गडद तपकिरी रंगाची मसाल्याची पूड, अंदाजे अर्धा किलो. फ्रेंचमध्ये स्टेनलेस स्टीलला ‘इनॉक्स’ म्हणतात, तो शब्द तेवढा माहीत हवा.

आता तारखा. इथे बहुतेकांचं गणित चुकतं. विमान प्रवासातल्या नुकसानभरपाईचा आंतरराष्ट्रीय करार मॉंट्रियलला १९९९ साली झाला. फ्रान्स त्यात आहे, भारतही २००९ पासून आहे. करार बॅगेच्या तीन वेगळ्या अवस्था मानतो आणि प्रत्येकीला वेगळी मुदत लावतो. बॅग आली पण फुटलेली, तर मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार. बॅग उशिरा आली, तर हातात पडल्यापासून २१ दिवसांत. आणि यायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवस उलटूनही आलीच नाही, किंवा त्याआधीच कंपनीनं ती हरवल्याचं मान्य केलं, तर ती हरवली असं धरून प्रवासी भरपाई मागू शकतो.

दोन ठिकाणी आलेले हे २१ दिवस एकच नाहीत. आमच्या उदाहरणात बॅग १० सप्टेंबरला वसतिगृहाच्या दारात आली असती, तर दिवस १० तारखेपासून मोजले गेले असते. उशिरामुळे झालेल्या खर्चाची तक्रार १ ऑक्टोबरपर्यंत जायला हवी होती. बॅग मिळाल्याच्या आनंदात लोक हेच विसरतात आणि नव्या कपड्यांची बिलं कपाटात पडून राहतात. पण तिची बॅग आलीच नाही. २३ सप्टेंबरला एकविसावा दिवस संपला. त्याआधी ‘बॅग हरवली, भरपाई द्या’ असं लिहिलं असतं, तर कंपनीनं ‘शोध सुरू आहे’ एवढ्यावर बोळवण केली असती, आणि त्यात कंपनीची चूकही नसती. विमानतळावरची नोंद झाली म्हणजे तक्रार झाली असं समजून गप्प बसणंही धोक्याचं. ती नोंद शोधासाठी असते, मागणी वेगळी लिहावी लागते.

किती मागायचं? करारानं कमाल मर्यादा ठरवली आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ती दर प्रवाशामागे १,५१९ ‘विशेष आहरण अधिकार’ इतकी आहे. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. त्याचा दर रोज बदलतो, पण रक्कम साधारण अठराशे युरोंच्या आसपास जाते. मर्यादा वाचली की मोह होतो, सरसकट तेवढेच मागून टाकू. हा मोह युरोपीय न्यायालयापर्यंत गेलेला आहे. २०१७ साली एक प्रवासी इबिझाहून बार्सिलोनामार्गे फुएर्तेवेंतुराला गेला आणि त्याची बॅग हरवली. त्यानं त्या वेळची पूर्ण मर्यादा मागितली. व्ह्युएलिंग कंपनीनं २५० युरो देऊ केले. जुलै २०२० मध्ये न्यायालयानं सांगितलं की ही कमाल मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नाही. किती नुकसान झालं ते प्रवाशानं दाखवायचं. पण पुरावा अपुरा असला म्हणून हात वर करायचे नाहीत. हरवलेल्या बॅगेचं वजन, बॅग जाताना हरवली की परतताना, अशा गोष्टीही न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. म्हणून पत्रात वजन लिहायचं. ते बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेल्या पावतीवर बहुधा असतं आणि आपण ती पावती विमानातच फेकून देतो.

मुलीनं हिशेब केला तो असा. बॅगेतल्या वस्तू ५२० युरो, बॅग ७५ युरो, पहिल्या आठवड्यात घ्यावे लागलेले कपडे आणि साबण-टूथब्रश ११८ युरो. एकूण ७१३. पुण्यातली बिलं रुपयांत होती, ती त्या दिवसाच्या दरानं युरोत बदलली आणि दर पत्रात लिहिला. तीन वर्षं वापरलेल्या कोटाची किंमत नव्याची धरली नाही. कंपनी वापराची घट वजा करतेच. ती आधीच वजा केली की उरलेल्या आकड्यावर विश्वास बसतो.

मग पत्र. फ्रेंच पत्राचा साचा कडक असतो. डावीकडे वर आपलं नाव-पत्ता, उजवीकडे कंपनीचा, त्याखाली गाव आणि तारीख, मग ‘ऑब्जे’ म्हणजे विषय, मग मायना. मायन्यात ‘प्रिय’ चालत नाही. कोण वाचणार माहीत नसेल तर ‘मादाम, मस्य’ एवढंच. सर्वत्र ‘वू’, म्हणजे आदरार्थी बहुवचन. मजकूर मराठीत सांगायचा तर असा होतो:

ल्यों, दि. २५ सप्टेंबर

विषय: हरवलेल्या सामानाबद्दल तक्रार व भरपाईची मागणी. अहवाल क्रमांक LYSXX10482

मादाम, मस्य,

दि. २ सप्टेंबर रोजी मी आपल्या विमानानं मुंबईहून ल्योंला आले. सोबत नोंदवलेली एक बॅग होती, वजन २२.४ किलो. तिच्या पट्टीचा क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे. ल्योंला ही बॅग पट्ट्यावर आली नाही. मी त्याच दिवशी विमानतळावर वरील क्रमांकाचा अहवाल नोंदवला.

बॅग गडद निळी, कडक कवचाची, चार चाकांची असून मुठीला नारिंगी पट्टी बांधलेली आहे. आतील वस्तूंची किमतींसह यादी सोबत जोडली आहे.

५ व १४ सप्टेंबरला मी आपल्या सामान विभागाशी संपर्क साधला. शोध सुरू असल्याचं मला सांगण्यात आलं. आजवर, माझी काही चूक होत नसेल तर, मला कोणतंही निश्चित उत्तर मिळालेलं नाही.

२८ मे १९९९ च्या मॉंट्रियल कराराच्या १७ व्या कलमानुसार, २१ दिवसांत न आलेलं सामान हरवलं असं धरून भरपाई मागण्याचा अधिकार प्रवाशाला आहे. म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की, हे पत्र मिळाल्यापासून एका महिन्यात मला ७१३ युरो द्यावेत. त्याचा तपशील व पावत्या सोबत आहेत.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत, मादाम, मस्य, माझ्या आदरपूर्वक अभिवादनाचा स्वीकार व्हावा ही विनंती.

सोबत: बोर्डिंग पास, सामानाची पावती, अहवालाची प्रत, वस्तूंची यादी, बिलं.

पत्रात ‘निराशा’ नाही, ‘बेजबाबदार’ नाही, उद्गारचिन्हही नाही. विनंतीचं वाक्य फ्रेंचमध्ये ‘ज वू प्री द ब्यँ वुल्वार’ असं सुरू होतं. ‘आपण कृपावंत होऊन अमुक करावं अशी मी प्रार्थना करते’ इतकं ते वाकलेलं आहे. पण त्याच्या पाठीला रक्कम आणि मुदत जोडलेली असते. शिकाऊ माणूस नेमकं उलटं करतो. त्याचा आवाज चढलेला असतो आणि मागणी ‘लवकर काहीतरी करा’ इतकी सैल असते. ‘लवकर’ची मुदत कधी संपत नाही, त्यामुळे ती मोडली असं कुणाला म्हणताही येत नाही.

‘माझी काही चूक होत नसेल तर’ हा तुकडा मला विशेष आवडतो. फ्रेंच दफ्तरांत तो सर्रास वापरतात. वरवर तो नम्रपणा आहे. पण त्यामुळे बाजू सिद्ध करायचं काम समोरच्यावर पडतं: उत्तर दिलं असेल तर दाखवा.

भाषेच्या अंगानं जपायचं ते काळाचं. घडलेल्या घटना एका भूतकाळात आणि तेव्हाची स्थिती दुसऱ्या भूतकाळात, हे फ्रेंचमध्ये काटेकोर पाळतात. ‘मी नोंद केली’, ‘मी संपर्क साधला’ या घटना, तर ‘बॅगेत अमुक होतं’, ‘पट्टी बांधलेली होती’ ही स्थिती. हे बिघडलं तरी अर्थ कळतो, पण ‘मी नोंद करत होते’ असं वाचून नोंद पूर्ण झाली की नाही अशी शंका येऊ शकते. शेवटचं अभिवादनाचं वाक्य मात्र पाठच करावं. त्यात मायन्यातलं संबोधन जसंच्या तसं परत येतं. ‘मादाम, मस्य’नं सुरू करून शेवटी नुसतं ‘मस्य’ लिहिलं, तर पत्र कुठून तरी उतरवलेलं दिसतं.

पाठवायचं कसं? बहुतेक कंपन्यांचा तक्रारीचा स्वतःचा अर्ज असतो. तो भरावाच आणि पाठवल्याची पोच जपून ठेवावी. त्याच्या जोडीला फ्रान्समध्ये पोचपावतीचं नोंदणी पत्र टपालानं पाठवायची पद्धत आहे. सही होऊन परत आलेल्या पोचपावतीवरची तारीख म्हणजे महिन्याची मुदत मोजायची सुरुवात. सोबत मूळ बिलं पाठवू नयेत, प्रती पाठवाव्यात.

समजा महिना उलटला आणि उत्तर नाही. मग दुसरं पत्र जातं. त्याच्या विषयात ‘मीझ आँ दमर’ हे शब्द येतात. ही कायदेशीर ताकीद आहे. फ्रेंच दिवाणी संहितेनुसार पैशाच्या देण्याबाबत अशी ताकीद दिली की तिथून कायदेशीर दरानं व्याज लागू होतं. यात मुदत पंधरा दिवसांची देतात आणि धमकीचं एकमेव वाक्य येतं: ‘या मुदतीत उत्तर न आल्यास मध्यस्थाकडे दाद मागण्यास मी स्वतःला भाग पडलेली पाहीन.’ फ्रेंचमध्ये ‘ज म वेरे काँत्रँत’. धमकी देणारी स्वतः काही करतच नाही, परिस्थिती तिच्याकडून करवून घेते. इतक्या सभ्यपणे दिलेली धमकी माझ्या पाहण्यात दुसरी नाही. लिहिणारी स्त्री असल्यानं ‘काँत्रँत’, पुरुषानं ‘काँत्रँ’ लिहायचं.

तो मध्यस्थ म्हणजे प्रवास आणि पर्यटनासाठीचा ‘मेदियातर’. कंपनी त्याच्या व्यवस्थेत सामील असेल, तर लेखी तक्रारीला ६० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास त्याच्याकडे जाता येतं, आणि प्रवाशाला त्याचे पैसे पडत नाहीत. त्याचा निर्णय प्रवाशावर बंधनकारक नसतो.

बहुधा तिथवर जायची वेळ येत नाही. आधीच कंपनीचा देकार येतो. आमच्या हिशेबात तो ७१३ ऐवजी ४५० असा काहीतरी असेल. कारण असं देतात की नवे कपडे तुमच्याकडेच राहिले, म्हणून त्यांचे अर्धेच पैसे, आणि अमुक वस्तूंची बिलं नाहीत. देकार घ्यायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण सोबतचा कागद नीट वाचावा. ‘सगळा हिशेब चुकता’ अशा अर्थाचं वाक्य त्यात असेल आणि त्यावर सही केली, तर उरलेल्या रकमेवर बोलायला फारशी जागा राहत नाही. घ्यायचेच असतील तर ‘उरलेली मागणी कायम ठेवून ही रक्कम स्वीकारते’ असं उत्तर लिहून पाहता येतं.

कोर्टात जायचं तर दोन वर्षांच्या आत, आणि ती दोन वर्षं विमान पोहोचल्याच्या दिवसापासून मोजली जातात. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही. कुठल्या कोर्टात, तेही करारानं ठरवून दिलं आहे. प्रवासाचं अंतिम ठिकाण हा त्यातला एक पर्याय. मुलीचं तिकीट एकेरी होतं, म्हणून तिचं अंतिम ठिकाण ल्यों. जाण्या-येण्याचं तिकीट एकत्र काढलं असतं तर कायद्याच्या लेखी प्रवास जिथून सुरू झाला तिथेच संपला असता, म्हणजे मुंबईत. मग बॅग ल्योंला हरवलेली असली तरी मुंबईत दावा लावता आला असता, आणि वर्षभर जपून ठेवलेल्या त्या फ्रेंच पत्राचं इंग्रजी किंवा मराठी भाषांतर जोडावं लागलं असतं.